उजवं जवळचं, डावं लांबचं

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं आमच्या संपादिकाबाईंनी फर्मावलं तेव्हा पहिल्यांदा घामच फुटला. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माणसाचं मराठी म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच! तेव्हा चुका पोटात घाला. पण यापेक्षा मोठी चूक मी 2024 च्या जूनमध्ये केली होती, ती आधी सांगते.

सेमिस्टर संपली आणि मी पहिल्यांदाच परदेशात गेले, मामाकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला. मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपीला न्यायचं होतं आणि मामाला ऑफिस. फोनवर मामाने विचारलं, "तुला गाडी येते ना गं?" मी ऐटीत म्हटलं, "एक्स्प्रेसवेवर चालवते मी!" बाबांच्या शेजारी बसून दोनदा लोणावळ्यापर्यंत गेले होते, तेवढंच.

निघण्याआधी पिंपरी-चिंचवडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. फॉर्म 4ए, हजार रुपये फी, मुदत फार तर एक वर्ष. तो नुसता चालत नाही, आपलं मूळ लायसन्स बरोबर लागतंच. मामाने विमा एजंटला विचारून माझं चालवणं पक्कं करून घेतलं. कागदं झाली. आता उरला मेंदू.

मी मनात एक सोपं गणित केलं होतं. भारत आणि अमेरिका म्हणजे आरशातली प्रतिमा, सगळं उलटं करायचं की झालं. तिथेच फसले, कारण सगळं उलटं नसतं. स्टीअरिंग डावीकडे जातं, पण पेडल्स तशीच राहतात. ब्रेक डावीकडे, अ‍ॅक्सिलरेटर उजवीकडे, अगदी आपल्यासारखंच. आमच्या घरच्या वॅगनआरमध्ये इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला आहे, मामाच्या गाडीत ती डावीकडे होती. म्हणून पहिल्या वळणाला मी रखरखीत उन्हात वायपर चालू केले. गिअर टाकायला डावा हात नेला, तो दारावर आपटला. गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाहीच. पण माझ्या डाव्या पायाला हे कोण सांगणार? थांबायचं म्हटलं की तो क्लच दाबायला जायचा आणि तिथे ब्रेकचं रुंद पेडल असायचं. गाडी थाडकन थांबायची. मामाने पहिला धडा दिला, "डावा पाय सीटकडे मागे घेऊन ठेव. त्याला सुट्टी आहे."

दुसरी खोड मला कळलीच नाही, मामीला कळली. ती उजवीकडे बसायची आणि रस्त्याकडेच्या पत्रपेट्या तिच्या खिडकीला घासून जाताहेत असं तिला वाटायचं. कारण साधं होतं. आपल्याकडे ड्रायव्हर गाडीच्या उजव्या भागात बसतो आणि बाकीची गाडी त्याच्या डाव्या हाताला असते. तिथे मी डावीकडे बसले होते, पण सवयीने स्वतःला लेनच्या उजव्या भागात ठेवत होते, त्यामुळे उरलेली गाडी कडेला सरकत होती. मामा म्हणाला, "तू रस्त्यावर स्वतःला ठेवतेयस, गाडीला ठेव." यावर त्याने खूण दिली. तिथे समोरासमोरच्या वाहतुकीच्या मध्ये पिवळी रेघ असते, एकाच दिशेच्या लेन्समध्ये पांढरी. पिवळी रेघ कायम माझ्या डाव्या खांद्याकडे हवी. आपल्याकडे काय, किंवा तिकडे काय, ड्रायव्हरचा खांदा रस्त्याच्या मधल्या बाजूला असतो. हा एकच नियम दोन्ही देशांत सारखा!

पहिले दोन दिवस झकास गेले. रूट वनवर सुद्धा जमलं. तिथे डावीकडे वळायचं तर बऱ्याच सिग्नलना आधी उजवीकडे बाहेर पडावं लागतं. जगच्या कानासारखा एक वळसा असतो, तो घेऊन आडव्या रस्त्यावर यायचं आणि सिग्नलला हायवे सरळ ओलांडायचा. जगच्या कानावरूनच त्याला 'जगहँडल' म्हणतात. ऐकायला अवघड, पण गर्दीत सोपं, कारण पुढची गाडी जाईल तसं जायचं. माझ्या मते मी शिकले होते. खरं तर पुढची गाडी चालवत होती, मी फक्त मागे होते.

तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपी संपवून आम्ही क्लिनिकच्या पार्किंगमधून बाहेर आलो. रस्ता रिकामा. मला डावीकडे वळायचं होतं. मी सवयीने उजवीकडे बघितलं, कारण आपल्याकडे जवळच्या लेनमधली गाडी उजवीकडूनच येते. कोणी नव्हतं. मग आपल्याकडचं डावं वळण घेतलं, छोटं, कडेकडेने. मामी आठवडाभराच्या भाजीबद्दल काहीतरी सांगत होती, मी हो हो करत होते. क्षणभर वाटलं, पिवळी रेघ उजवीकडे का दिसतेय? आणि समोरून एक पिकअप ट्रक, हेडलाइट मारत, थेट आमच्याकडे.

मामी ओरडली. दोन्ही पाय एकदम ब्रेकवर गेले. ट्रकवाल्यानेही ब्रेक मारले. मध्ये एक गाडी मावेल एवढं अंतर उरलं. त्याने हाताने खूण केली, माझी गाडी पलीकडच्या लेनमध्ये जाईपर्यंत थांबला आणि गेला. मामीने गुडघा धरला होता. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं.

रात्री मामाने चूक कागदावर काढून दाखवली. आपल्याकडे डावं वळण लहान आणि उजवं मोठं, तिथे उजवं लहान आणि डावं मोठं. डावीकडे वळताना जवळची लेन ओलांडून पलीकडे जायचं आणि त्याआधी पहिलं डावीकडे बघायचं. मग त्याने स्वीडनची गोष्ट सांगितली. 3 सप्टेंबर 1967 ला पहाटे पाच वाजता अख्खा देश डावीकडून उजवीकडे आला. सुरुवातीला अपघात उलट कमी झाले, कारण सगळेच घाबरून चालवत होते. भीती गेली तसे आकडे पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आले. माझंही तेच झालं. पहिल्या दिवशी भीती होती, तिसऱ्या दिवशी ती गेली आणि रस्त्यावर नक्कल करायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक वळणाआधी मी मोठ्याने म्हणायचे, "उजवं जवळचं, डावं लांबचं." पार्किंगमधून किंवा पंपावरून बाहेर पडताना तर दोनदा, कारण सवय तिथेच परत येते. मामी गप्पा बंद करून माझ्याबरोबर म्हणायची. महिन्याभरात पुन्हा चूक झाली नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण तळेगावला परत आल्यावर चौथ्या दिवशी पहाटे बाबांना लोकलसाठी स्टेशनवर सोडलं आणि अ‍ॅक्टिव्हावर परत निघाले. रस्ता रिकामा. उजवीकडे वळले, जवळचं, कडेकडेने, आणि चक्क उजव्या बाजूने चालू लागले. समोरून कॅन लावलेला दूधवाला आला. मी दचकून ब्रेक मारला. त्याने हॉर्न नाही वाजवला, दिवा नाही मारला. शांतपणे मला वळसा घालून निघून गेला. त्याला वाटलं असेल, रोजचंच आहे.

एडिसनमध्ये उलट्या बाजूची एक गाडी बघून अनोळखी माणूस जागच्या जागी थांबला. इथे माझी तीच चूक कोणाला चूकसुद्धा वाटली नाही. आता कॉलेजच्या गेटसमोर दुभाजकाच्या फटीपर्यंतचा वळसा वाचवायला उलट्या बाजूने येणारे आपले हॉस्टेलवीर दिसले की मला हसू येत नाही. माझा निदान मेंदू गोंधळला होता. त्यांना कोणती बाजू आपली, हे नीट माहीत असतं!

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, मेकॅनिकल