आठवणीतली चिक्की आणि वेष्टनावरची चिक्की

वाचकहो, आपल्या घरात एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला काही खाल्ल्यानंतर पित्त उठले, ओठ सुजले, आणि डॉक्टरांनी ‘काय खाल्ले होते, त्यातील घटक लिहून आणा’ असे सांगितले, तर आपण काय लिहाल? मी जे लिहिले होते ते साफ चुकीचे होते. ती चूक वेळेवर लक्षात आली म्हणून आज हे लिहिण्यास बसले आहे.

आम्ही वडगाव मावळचे. गेल्या जुलैत पावसाळी सहलीला आलेल्या भाच्यांनी परतताना लोणावळ्याहून मिश्र सुकामेव्याच्या चिक्कीचा डबा आणला. माझ्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या. दात नीट नसल्याने त्यांनी दोन तुकडे खलबत्त्यात कुटून घेतले आणि चहाबरोबर खाल्ले. अर्ध्या तासात ओठ सुजले, मानेवर व दंडांवर गांधी उठल्या. जवळच्या डॉक्टरांनी औषध दिले आणि रात्रीपर्यंत सूज उतरली. श्वास लागला असता, जीभ सुजली असती किंवा भोवळ आली असती, तर घरी न थांबता थेट १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची, असे त्यांनी आम्हाला बजावले. पुढे अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांकडे जाण्याची चिठ्ठी दिली. महिन्याभरानंतरची वेळ मिळाली. येताना चिक्कीच्या डब्यावरील घटकांची यादी आणावी, अशी सूचना होती.

डबा फेकण्यापूर्वी मी त्याचे छायाचित्र मोबाइलवर घेतले होते, म्हणून निश्चिंत होते. आठवड्याभरात तो मोबाइल पावसात पूर्ण भिजला आणि बंद पडला. छायाचित्र अन्यत्र कोठेही साठवलेले नव्हते, कोणाला पाठवलेलेही नव्हते. डबा तर केव्हाच घंटागाडीत गेला होता.

तेव्हा मी वही उघडली आणि आठवून लिहिले : ‘शेंगदाणे, गूळ, काजू, बदाम, तूप, वेलची.’ यादी मोठी व्यवस्थित दिसत होती. सासूबाईंनी ती ऐकली आणि म्हणाल्या, “अगं, शेंगदाणे होते का त्यात? मला तर दाताखाली एकही लागला नाही. आणि परवाच्या काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचे कूट होतेच की. काही झाले का मला?”

मी गप्प झाले. चिक्की म्हटले की माझ्या मनात शेंगदाणे आणि गूळ आपोआप येतात. मी डब्यावरील अक्षरे आठवत नव्हते, लहानपणापासून पाहिलेली पाककृती आठवत होते. स्मरणातून लिहिलेल्या यादीचा हाच धोका आहे. तिच्यात फट दिसत नाही, कारण विसरलेल्या जागा मन स्वतःच भरून टाकते. ती यादी तशीच दिली असती तर पहिला संशय शेंगदाण्यावर गेला असता. उपवासाची खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, हे सारे एका वृद्ध स्त्रीच्या ताटातून विनाकारण उठले असते. आणि ज्याने खरोखर त्रास झाला ते ताटातच राहिले असते.

दुसऱ्या दिवशी मी लोकल पकडून लोणावळ्याला गेले. तेथील बाजारपेठेत चिक्कीची दुकाने लागून लागून आहेत, आणि नावेही एकमेकांना इतकी मिळतीजुळती की चटकन फरक कळत नाही. म्हणून आधी भाच्यांना दूरध्वनी करून दुकानाची खूण, डब्याचा रंग आणि वजन विचारून घेतले होते. ‘तसाच’ डबा उपयोगाचा नसतो, ‘तोच’ लागतो : तोच उत्पादक, तेच पूर्ण नाव, तेच वजन. त्याच उत्पादकाच्या काजू चिक्कीचे आणि मिश्र सुकामेवा चिक्कीचे घटक वेगळे असतात. मला तोच डबा मिळाला. मात्र बॅच क्रमांक बहुधा निराळा असणार, कारण हा डबा ऑगस्टमध्ये तयार झालेला होता. उत्पादक मधल्या काळात घटक बदलू शकतो, म्हणून ही गोष्टही मी यादीत लिहिली.

मग उतरवून घेण्याचे काम. वेष्टनावरील अक्षरे बारीक असतात. मी भिंगातून एकेक शब्द मोठ्याने वाचला आणि नातवाने लिहिला. संपल्यावर त्याने वहीतून वाचले आणि मी वेष्टनावर बोट ठेवून पडताळले. शब्द जसा छापला आहे तसाच घ्यायचा, आपला अर्थ हवा तर शेजारी वेगळा लिहायचा. ‘द्रव ग्लुकोज’ला ‘साखर’ म्हणायचे नाही, ‘खाद्य वनस्पती तेल (पाम)’ असेल तर कंस गाळायचा नाही. क्रमही बदलायचा नाही. आपल्याकडील नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. आधी असलेला घटक जास्त, नंतरचा कमी. म्हणून क्रम हीदेखील माहितीच आहे.

अंकांबाबत तर विशेष सावध राहावे. त्या डब्यावर ‘इमल्सिफायर (३२२)’ असे होते. नातवाने घाईत ३३२ लिहिले आणि पडताळताना ते सापडले. ३२२ म्हणजे लेसिथिन. ते बहुधा सोयाबीनपासून, कधी सूर्यफुलापासून काढलेले असते. ३३२ म्हणजे पोटॅशियमचे सायट्रेट. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियम जपावे लागते, तेथे ते महत्त्वाचे ठरते. एका अंकाने पदार्थच बदलतो. आणि ३२२ हा आकडा लेसिथिन सोयाचे की सूर्यफुलाचे हे सांगत नाही. ते कळण्यासाठी घटकांखालची अ‍ॅलर्जीविषयक ओळ पाहावी लागते.

ती ओळ वेगळी लिहावी, घटकांत मिसळू नये. ‘यात आहे’ आणि ‘यात असू शकते’ ही दोन निरनिराळी विधाने आहेत. पहिल्याचा अर्थ तो पदार्थ घातलेला आहे. दुसऱ्याचा अर्थ तो घातलेला नाही, पण त्याच ठिकाणी हाताळला जात असल्याने त्याचा अंश लागला असेल. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. आपल्याकडील नियमांत ठळकपणे सांगायच्या पदार्थांत गहू-जवासारखी ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जीव, शेंगदाणे, काजू-बदाम-पिस्त्यांसारखा सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाच्या वरचे सल्फाइट येतात. त्यांत तीळ नाहीत. तिळाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने केवळ ती ओळ वाचून समाधान मानू नये. तीळ घटकांच्या यादीतच शोधावे लागतात. आमच्या डब्यावर नेमके तसेच होते.

शेवटी प्रत्येक नोंदीपुढे मी एक अक्षर घातले : ‘वा’ म्हणजे स्वतः वाचले, ‘सां’ म्हणजे कोणी सांगितले, ‘आ’ म्हणजे आठवते. यादी अशी झाली :

पदार्थ : मिश्र सुकामेवा चिक्की, २०० ग्रॅम. त्याच उत्पादकाचा, नंतर विकत घेतलेला डबा. मूळ डब्याचा बॅच क्रमांक ठाऊक नाही.
घटक, छापील क्रमाने : साखर, काजू, द्रव ग्लुकोज, बदाम, पिस्ता, तीळ, तूप, इमल्सिफायर (३२२), वेलची. (वा)
यात आहे : सुकामेवा, दूध, सोया. (वा)
यात असू शकते : शेंगदाणे. (वा)
दुकानदार : घटक वर्षभरात बदललेले नाहीत. (सां)
किती खाल्ले : दोन तुकडे, चहाबरोबर, अर्ध्या तासात त्रास. (आ)
त्यानंतर त्रास न होता खाल्लेले : दाण्याचे कूट दोनदा, रोजचे भिजवलेले चार बदाम, दूध, तूप. (आ)
गेल्या संक्रांतीला तिळगूळ खाल्ला, त्रास नाही. (आ)
त्या दिवशीची औषधे : नेहमीच्या गोळ्या, चिठ्ठी सोबत.

माझ्या पहिल्या यादीशी ही ताडून पाहा. गूळ नव्हताच, साखर आणि ग्लुकोज होते. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे तीही चूक किरकोळ नव्हती. घातलेले शेंगदाणे नव्हते. पिस्ता, तीळ आणि लेसिथिन मी पूर्णपणे विसरले होते.

तज्ज्ञांनी यादी वाचली आणि आधी औषधांची चिठ्ठी मागितली. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही, त्या वर्षानुवर्षे घेत असतानासुद्धा, ओठ व जीभ सुजू शकते, असे त्यांनी सांगितले. पण तशा सुजेबरोबर गांधी सहसा उठत नाहीत, आणि आईंच्या गोळ्या त्या प्रकारच्या नव्हत्या. मग त्यांनी ‘त्रास न होता खाल्लेले’ या ओळीवर बोट ठेवले. शेंगदाणे, बदाम, दूध आणि तीळ तेथेच मागे पडले. सोयाबीन घरात नेहमी खाल्ले जाते हे त्यांनी विचारून घेतले. उरले काजू आणि पिस्ता. हे दोन्ही एकाच कुळातील असल्याने एकाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यास बरेचदा दुसऱ्याचीही असते. आमच्या घरी दोन्ही क्वचितच येतात. त्वचेवर थेंब टाकून, सुईने हलके टोचून चाचणी झाली. काजू आणि पिस्ता या दोन्ही जागी फुगवटा आला, शेंगदाण्याच्या जागी काहीच आले नाही. केवळ फुगवटा आला म्हणजे अ‍ॅलर्जी सिद्ध झाली असे नसते. पण येथे खाल्ल्यानंतरचा त्रास आणि चाचणी यांचा मेळ बसत होता. काजू व पिस्ता बंद करण्यास सांगितले.

“आपण ‘ठाऊक नाही’ असे लिहिलेत, त्याचाही उपयोग झाला,” असे डॉक्टर निघताना म्हणाले. बॅच ठाऊक नसल्यानेच त्यांनी त्या दोन घटकांवर न थांबता शेंगदाण्याचीही चाचणी घेतली होती.

आपल्यावर अशी वेळ आली तर प्रथम मोबाइलमधील काढून टाकलेल्या छायाचित्रांचा कप्पा पाहावा. तेथे ती काही दिवस राहतात. नसेल तर तोच डबा शोधावा. तोही मिळाला नाही, किंवा पदार्थ परातीतून सुटा घेतलेला असला, तर विक्रेत्याला विचारावे, त्याच सुरीने आणि त्याच पाटावर आणखी कोणती चिक्की कापतात हेही विचारावे, आणि उत्तरापुढे ‘सां’ लिहावे. जे कळले नाही त्याची जागा कोरी सोडावी. आठवणीने ती भरू नये.

ती यादी आता आमच्या शीतकपाटाच्या दारावर आहे. खाली सासूबाईंनी स्वतःच्या थरथरत्या अक्षरात एक ओळ जोडली आहे : ‘काजू नको, पिस्ता नको. शेंगदाण्याची चिक्की चालेल. पण डबा वाचून.’ त्यापुढे नातवाने लिहिले आहे : ‘आणि एकच तुकडा. साखर!’