सावलीची वेळ

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपण सहज म्हणून जातो. २८ फेब्रुवारीला दिल्लीतल्या एका शाळेत मुलांपुढे बोलायचं आहे आणि ही म्हण काही डोक्यातून जात नाही. निवृत्त इंजिनिअर बोलणार म्हटल्यावर ‘स्वतः करून बघा’ हे आलंच. पण नुसतं बघून कांकण तरी दिसतं का?

समजा, मुलांना म्हटलं, दुपारी बाराला सावली सर्वांत आखूड असते म्हणतात, ते तपासा. मीटरभर काठी, ओळंबा लावून सरळ उभी केलेली. त्या दिवशी दिल्लीत सूर्य मध्यावर येतो १२.३४ च्या सुमारास. आपण मिर्झापूरजवळच्या रेखावृत्ताचं घड्याळ लावतो, त्याची २१ मिनिटं. उरलेली साडेबारा पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेली म्हणून. तेव्हा सावली साधारण ७४ सेंटिमीटर. पण आधीच्या नि नंतरच्या दहा मिनिटांत ती जेमतेम दोन मिलिमीटरनं बदलते, आणि तिचं टोक सेंटिमीटरभर पुसट असतं. डोळे फाडून बघितलं तरी आखूड क्षण हाती लागत नाही.

जंतरमंतरवरचं सम्राट यंत्र आठवतं. जयसिंहानं दगडचुन्यात केवढं उंच बांधलं! यंत्र मोठं केलं की सावली भरभर सरकते, पण कडेची पुसट पट्टीही तितकीच रुंदावते. सूर्यच अर्ध्या अंशाचा, म्हणून ती पट्टी वेळेत मोजली तर लहान यंत्रात दोन मिनिटांची आणि राजाच्या यंत्रातही दोन मिनिटांचीच.

त्यापेक्षा शुल्बसूत्रांतली युक्ती बरी. काठीभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक आत शिरतं ती वेळ आणि दुपारी बाहेर पडतं ती वेळ लिहायची, मध्य काढायचा. त्या दिवशी ८२ सेंटिमीटरचं वर्तुळ ११.३४ आणि १.३४ ला शिवलं जाईल. पुसटपणामुळे होणारी चूक दोन्हीकडे सारखी, म्हणून मध्य काढताना ती उडून जाते.

मी यावर खूश होतो. पण काठी अंशभर पूर्वेला कलली तर? डोळ्यांना ते कळतही नाही, आणि उत्तर जवळजवळ तीन मिनिटं अलीकडे सरकतं. ही चूक उडत नाही. दुसरं, तिसरं वर्तुळ काढा, सगळी पुन्हा जवळपास तेच सांगणार. साक्षीदार अनेक आणि जबानी एकच, कारण काठी एकच. त्यांच्या एकमतावर मुलं विश्वास ठेवतील. मीही ठेवला असता.

आणि मी १२.३४ आधीच सांगितलं, तर तेवढंच ‘सापडेल’. न सांगावं, तर एखादी मुलगी वहीत १२.३१ लिहून आणेल, तीन वर्तुळं दाखवेल. तिला ओळंबा पुन्हा लाव म्हणायचं खरं, पण १२.३४ आणणाऱ्याला मी तसं म्हणेन का?