शेपूट पहा, रंग नको

पवनीकडच्या एका मासेमार भावाने वैनगंगेतला फोटो पाठवला. म्हणाला, "भाऊ, मुंगूस आहे का गा? जाळं फाडते, बंदोबस्त करतो." म्हणून हे लिहितो. रंगावर जाऊ नका, ओलं झालं की मुंगूसही काळपटच दिसते.

आधी शेपूट पहा. पाणमांजराची शेपूट बुडाशी जाड असते. पाठ कुठं संपली अन् शेपूट कुठं सुरू झाली ते कळतच नाही, पुढं ती चपटी होत जाते. मुंगसाची शेपूट केसाळ, ओली झाली की एकदम बारीक, दोरीसारखी लोंबते.

मग तोंड. मुंगसाचं टोकदार, पाणमांजराचं रुंद अन् बोथट. कान बारके गोल, मिशा जाड, गळा फिक्कट.

व्हिडिओ असला तर काम सोपं. पाणमांजर पोहताना बहुतेक डोकंच वर असते, मागं पाण्यावर व्ही आकाराची रेघ उमटते. डुबकी मारताना पाठीची कमान होते अन् शेवटी शेपूट आत जाते. मुंगूस पोहू शकते, पण अशा डुबक्या मारत मासे धरत नाही, काठाकाठानं खेकडे शोधते. शेपूट डावी-उजवीकडे वळवत जाणारी ती घोरपड.

त्या फोटोत दोन डोकी होती, तिसऱ्याची जाड शेपूट नुसती वर दिसत होती. पाणमांजरंच. कायद्यानं संरक्षित आहेत, मारणं गुन्हा आहे. त्याला म्हटलं, जाळं रातभर ठेवू नको, अन् काठच्या दगडावर माशांच्या खवल्यांची विष्ठा दिसते का, ते पाहून कळव.