फोटोतली आजी कुठे गेली?

तुमच्या घरी एखादा जुना, काळा-पांढरा, कोपरे दुमडलेला फोटो असेलच. हल्ली आपण तो मोबाइलवर टिपतो, घरच्यांच्या ग्रुपवर टाकतो आणि खाली चार ओळी लिहितो. हा कोण, ती कोण, वय काय, नातं काय. वाटतं, यात अवघड ते काय! पण त्या चार ओळींत एखादं माणूस घरातून कायमचं नाहीसं होऊ शकतं. आमच्याकडे तर खुद्द आजीच नाहीशी व्हायला आली होती.

त्याचं असं झालं. माझी आत्या उल्हासनगरला राहते. २०२४ सालच्या १ जूनला, शाळेच्या दाखल्याप्रमाणे, ती ऐंशी वर्षांची होणार होती. तिच्यासाठी फोटो आणि आठवणींचं एक पुस्तक करायचं ठरलं. आम्ही बदलापूरचे. आमच्याकडची जुनी अल्बमं २६ जुलै २००५ च्या पुरात भिजून एकमेकांना चिकटून गेली. त्यामुळे सगळी भिस्त आत्याकडच्या एका फोटोवर होती. तो अंबरनाथच्या चाळीसमोर काढलेला. आजोबा तेव्हा तिथल्या काडेपेटीच्या कारखान्यात होते.

फोटोखालचा मजकूर लिहायचं काम माझ्या पुतणीकडे आलं. ती आठवीत आहे, अक्षर सुरेख, उत्साह दांडगा. तिने लिहिलं ते असं : ‘खुर्च्यांवर आजोबा आणि आजी (वय ६०). आजीच्या मांडीवर तिचं बाळ. मागे काका-काकू आणि शेजारच्या आजी, म्हणजे दादी. पुढे सतरंजीवर दोन बहिणी, त्यांतली मोठी यमू. साल १९५४.’ ग्रुपवर अकरा जणांनी अंगठे वर केले. फोटो नीट पाहिला होता किती जणांनी, देव जाणे!

आता गंमत बघा. या एवढ्याशा मजकुरात जवळजवळ प्रत्येक नातं चुकलं होतं. आणि तरीही पुतणीने मनाचं काहीच लिहिलं नव्हतं. फोटोत जे दिसलं तेच तिने लिहिलं. शेजारी शेजारी बसलेले बाई आणि बुवा म्हणजे नवरा-बायको, मांडीवर मूल म्हणजे मांडीवाली त्याची आई, फ्रॉक म्हणजे मुलगी. तुम्हीआम्हीही पहिल्या नजरेत असंच धरून चालतो.

पहिली गोष्ट आम्ही केली ती म्हणजे ग्रुपवरचा फोटो बाजूला ठेवला. ग्रुपवर पाठवलेलं चित्र आटोपशीर व्हावं म्हणून त्यातला बारीक तपशील गाळला जातो. शिवाय त्याला नाव मिळतं ते `IMG-20240505-WA0012.jpg` असं काहीतरी. त्यातली तारीख फोटो पाठवल्याची, काढल्याची नव्हे. मग मूळ फोटो स्कॅनरवर ठेवला आणि एका इंचात ६०० ठिपके बसतील असा स्कॅन केला. आता चेहरे पडद्यावर तळहाताएवढे मोठे करून पाहता येऊ लागले.

आणि कपाळं दिसली! आजोबांच्या कपाळावर उभा टिळा. मागे उभ्या असलेल्या तरुण माणसाच्या कपाळावर तसाच टिळा. मांडीवरच्या बाळाला टिळा. आणि सतरंजीवरच्या फ्रॉकवाल्या ‘धाकट्या बहिणी’लाही तसाच उभा टिळा! तिच्या शेजारच्या मुलीला मात्र साधं गोल कुंकू. बायकांनाही गोल कुंकूच. दारावर तोरण, वर आकाशकंदील. अहो, ही तर भाऊबीज! ओवाळलं होतं ते पुरुषांना आणि मुलग्यांना. म्हणजे फ्रॉकमध्ये मुलगी नव्हती, मुलगा होता. आमचे मधले काका. त्यांचं जावळ तोवर काढलेलं नव्हतं, म्हणून डोक्यावर केसांचं टोपलं. आणि बहिणीचा आखूड झालेला फ्रॉक भावाला घालण्यात तेव्हा कुणाला काही वाटत नसे.

भाऊबीज म्हटल्यावर आणखी एक शंका आली. खुर्चीवर मानाने बसलेली ती बाई आजोबांची बायको कशावरून? बहीण कशावरून नसेल? गळ्यात मंगळसूत्र होतं, पण मंगळसूत्र ती विवाहित आहे एवढंच सांगतं, कुणाची बायको ते सांगत नाही. फोटोतून एवढाच अंदाज निघतो, पुढे माणसालाच विचारावं लागतं.

विचारण्याचीसुद्धा एक रीत आहे बरं का. ‘ही आजीच ना?’ असं विचारलं की म्हातारं माणूस ‘हो हो’ म्हणून मोकळं होतं. तुमचं मन मोडायचं नसतं त्याला. म्हणून आम्ही फोटोच्या मोठ्या प्रतीवर पारदर्शक बटर पेपर ठेवला, प्रत्येक डोक्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि आकडे घातले. नावं नाहीत, नुसते आकडे. मग आत्यासमोर बसून पुतणीने एकेका आकड्यावर बोट ठेवून तीनच प्रश्न विचारले. हे कोण? तू त्यांना काय म्हणायचीस? ते तुझे कोण?

खुर्चीतल्या बाईवर बोट ठेवताच आत्या म्हणाली, “ही माझी आत्या गं! दिवाळीला आली होती. बाळाला कुणाकडे देईचना.” बाळ म्हणजे माझे वडील. आणि मागे, त्या टिळावाल्या तरुणाशेजारी उभी असलेली, पदर डोक्यावरून घेतलेली बाई?

“ती आई,” आत्या म्हणाली. “शेजारी माझा काका. आईचा धाकटा दीर.”

म्हणजे आमची आजी नणंदेला खुर्ची देऊन मागे उभी होती, आणि आम्ही तिला ‘काकू’ म्हणून छापणार होतो! आत्याखेरीज आता फोटोतलं कुणीही हयात नाही. पुस्तक तसंच छापलं गेलं असतं तर पुढच्या पिढीने पणजी म्हणून दुसरीच बाई ओळखली असती.

सगळ्यात मौज आली ती ‘दादी’ची. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘यमू, दादी, बाळ. १९५४.’ दादी म्हणजे हिंदीत आजी, म्हणून पुतणीने उजव्या टोकाच्या सलवार-कमीजवाल्या बाईंना शेजारच्या आजी करून टाकलं. पण चेहरा पाहावा तर जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा. तुम्हाला ठाऊक असेल, दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. या ताई तिथल्याच. आजीला शिवण शिकवायला अंबरनाथला येत. तो फ्रॉकही त्यांच्याच हातचा. आणि सिंधीत ‘दादी’ म्हणजे थोरली बहीण, जसा ‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ. पुण्याच्या साधू वासवानी मिशनचे दादा वासवानी यांना लोक ‘दादा’ म्हणत ते याच अर्थाने. एकच शब्द, पण भाषा बदलली की माणसाचं वय पन्नास वर्षांनी वाढतं!

आणि यमू? यमू म्हणजे सतरंजीवरची मुलगी नव्हेच. यमू हे आजीचं माहेरचं नाव. फोटोची ही प्रत आजीने आपल्या भावाला पाठवली होती. त्याच्या दृष्टीने फोटोत महत्त्वाची कोण, तर त्याची यमू. सासरी तिचं नाव बदललं आणि माहेरचं नाव आमच्या घरात कुणाला माहीतच राहिलं नाही. म्हणून फोटोमागचं नाव वाचताना आधी विचारायचं, ते लिहिलं कुणी?

सालाचं कोडंही तिथेच सुटतं. १९५४ हे मामांनी फोटो अल्बमात लावला तेव्हाचं साल. वडिलांचा जन्म जानेवारी १९५२ चा, नगरपालिकेच्या दाखल्यावर तसा आहे. १९५४ च्या दिवाळीत ते पावणेतीन वर्षांचे, म्हणजे चाळभर पळत सुटले असते. फोटोतलं बाळ मांडीवर बसतंय, पण आत्याने त्याला एका हाताने सावरलं आहे. साधारण आठ-नऊ महिन्यांचं. म्हणजे दिवाळी १९५२ ची.

चेहऱ्यावरून वय ठरवणं मात्र फसवं. भर उन्हात काढलेल्या फोटोत डोळ्यांखाली सावल्या पडतात, नऊवारी नि अंबाड्याने बाई पोक्त दिसते, आणि तेव्हा फोटोला हसायची पद्धत नव्हती. पुतणीने साठ लिहिलेल्या आजोबांच्या बहिणीचं वय चाळिशीच्या आसपास होतं. आजीचं वय आम्ही चेहऱ्यावरून नाही, हिशेबाने काढलं. पहिली लेक झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, असं तीच सांगायची. पहिली लेक म्हणजे आत्या.

पण आत्याचं वय तरी खरं किती? दाखल्यावर १ जून १९४४. आता तुमच्या आजी-आजोबांची जन्मतारीख विचारून पाहा. कितीतरी जणांची १ जूनच निघेल! जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, खरी तारीख घरी कुणाला ठाऊक नसायची, मग गुरुजी हिशेबाने १ जून लिहून टाकायचे. आजी मात्र नेहमी म्हणायची, “गोदीत स्फोट झाला तेव्हा ही रांगत होती. दणक्याने खिडकीची काच हिच्यापुढेच पडली.” ते तेव्हा माझगावला राहत. मुंबईच्या गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. दाखला खरा मानला तर आत्या त्या दिवशी जन्मलीच नव्हती! रांगणारं मूल आठ-दहा महिन्यांचं धरलं तर जन्म १९४३ च्या मध्याचा. म्हणजे फोटोत आत्या नऊ वर्षांची, आजी सत्तावीस वर्षांची. आणि आमची ऐंशीवी तारीख एक वर्ष उशिरा आलेली.

असल्या आकड्यांचं नवल वाटून घेऊ नका. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखातलं शकवर्ष आधी ७८२ वाचलं गेलं होतं. पुढे ते ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असं ठरलं. तिथे एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षांनी म्हातारं झालं होतं. आमची आत्या फक्त एका वर्षाने तरुण झाली.

शेवटी मजकूर लिहिताना पुतणीने विचारलं, “काका, आजी लिहू की पणजी?” प्रश्न रास्त होता. तीच बाई माझी आजी, पुतणीची पणजी आणि आत्याची आई. पुस्तक आत्याचं, म्हणून सगळी नाती आत्याच्या बाजूने लिहायची असं ठरलं. डावी-उजवी बाजू मात्र बघणाऱ्याच्या हाताप्रमाणे, आणि तसं स्पष्ट लिहायचं. छापलेला मजकूर असा :

‘अंबरनाथ, भाऊबीज, १९५२ (साल हिशेबाने). बघणाऱ्याच्या डावीकडून. खुर्च्यांवर : वडील, वडिलांची थोरली बहीण, मांडीवर धाकटा भाऊ, सुमारे नऊ महिने. मागे उभे : काका, आई (माहेरची यमू), सुमारे २७, उल्हासनगरच्या शिवणाच्या ताई, ज्यांना सगळे दादी म्हणत. सतरंजीवर : मी, सुमारे ९, मधला भाऊ, माझ्या फ्रॉकमध्ये. दारातून डोकावणारा मुलगा : माहीत नाही.’

हो, दारात एक अर्धा चेहरा होता. तो आम्ही तसाच ठेवला. पुस्तक हातात घेतल्यावर आत्याने भिंग लावून आधी त्यालाच न्याहाळलं, बराच वेळ. मग म्हणाली, “पेन्सिल दे बरं. नाव आठवत नाही, पण याच्याकडे भोवरा होता.” आणि ‘माहीत नाही’च्या पुढे थरथरत्या अक्षरात तिने तेवढंच लिहिलं.