पोच म्हणजे उत्तर नव्हे

"आपला अर्ज प्राप्त झाला असून नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात येत आहे." सरकारी कार्यालयाकडून असं दोन ओळींचं पत्र आलं की आपले कार्यकर्ते दोनच गोष्टी करतात. काही जण समाधानाने गप्प बसतात, तर काही जण मोर्चाची भाषा सुरू करतात. आमचं म्हणणं असं की या दोन्हींच्या आधी दुसरं पत्र लिहायचं असतं.

आमच्याकडची एक केस घ्या. एका शेतमजूर भगिनीला चारचौघांत जातीवाचक शिवीगाळ झाली आणि अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. 2016 च्या सुधारित नियमांप्रमाणे अशा गुन्ह्यात अर्थसहाय्य एक लाख रुपये आहे. त्यातले 25 टक्के एफआयआरच्या टप्प्यावर मिळायला हवेत आणि तातडीची मदत सात दिवसांत द्यायची असते. चाळीस दिवस उलटले तरी रुपया आला नव्हता. आम्ही सविस्तर अर्ज दिला, त्याला वरचं उत्तर आलं.

दुसऱ्या पत्रात आम्ही घटना पुन्हा सांगितली नाही. ती फाईलमध्ये होतीच, आणि तेच वाचून कारकून पुन्हा तीच ओळ लिहितो. आम्ही संदर्भात त्यांच्याच पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख टाकली, उत्तराबद्दल आभार मानले आणि दोनच प्रश्न विचारले. पोलिसांकडून प्रस्ताव कोणत्या तारखेला मिळाला? त्यात एखादा कागद कमी असल्यास कोणता? एफआयआरची प्रत सोबत जोडली आणि खाली लिहिलं, "प्रत: जिल्हाधिकारी". कार्यालयातल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला.

"कार्यवाही का झाली नाही?" या प्रश्नाला "सुरू आहे" एवढं उत्तर पुरतं. "कोणत्या तारखेला?" या प्रश्नाला फाईल उघडावीच लागते. ती उघडली तेव्हा अडचण कळली. जातीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं होतं आणि एफआयआर सासरच्या नावाने. विवाह नोंदणीचा दाखला जोडल्यावर प्रस्ताव पुढे सरकला आणि पहिल्या टप्प्याचे 25 हजार खात्यात आले. पहिल्या अर्जात आम्ही अन्यायाबद्दल लिहिलेलं सगळं खरं होतं, पण अडकलेला कागद त्याने सापडला नसता.

दुसरं पत्र कधी द्यायचं? उत्तरात तारीख दिली असेल तर ती उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी. नसेल तर आम्ही पंधरा दिवस थांबतो.

दुसऱ्या पत्रालाही तीच गोड ओळ आली, तर तिसरं विनंतीपत्र लिहू नका. मग दहा रुपये भरून माहिती अधिकारात तेच दोन प्रश्न विचारा. तिथे उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. जोडीला जिल्हा दक्षता समितीच्या बैठकीत विषय घ्यायला लावा. नियमाप्रमाणे ही बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी. तिथे पुरावा म्हणून ठेवायला तुमच्याकडे शिक्क्याची दोन पत्रं आणि त्यांची दोन उत्तरं असतील. मोर्चा काढायचाच झाला, तर निवेदनालाही हीच चार कागदं जोडा.

जय भीम.