शेवटच्या गाण्यापलीकडचा पट्टा

मामाने ‘रिव्हॉल्व्हर’ घेतली ती बीटल्सच्या प्रेमाने नव्हे. पाठच्या बाजूच्या बारीक अक्षरांत ‘अनिल भागवत’ असं नाव आणि पुढे तबला, एवढं त्याने दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि लिव्हरपूलच्या पोरांत हा भागवत शिरला कसा, या एका कुतूहलापोटी त्याने पैसे मोजले. गिरगावातल्या आमच्या चाळीत पंडित, उस्ताद आणि नाट्यसंगीत सोडून काही वाजत नसे. त्यामुळे पहिल्या बाजूचं तबल्याचं गाणं तेवढं वाजायचं, दुसऱ्या बाजूला फारसं कोणी जात नसे. तिचं हे कोरेपण पुढे माझ्या कामी आलं.

ती रेकॉर्ड दमदमच्या कारखान्यातली होती. लेबल काळं, त्यावर पिवळ्या अक्षरांत पार्लोफोन. मला गाण्यांपेक्षा गाणी संपल्यावरचा गुळगुळीत पट्टा जास्त आवडायचा. खिडकीशी तबकडी तिरपी धरली की तिथे ठशासारखी अक्षरं दिसायची : एक्सईएक्स, मग तीन आकडे, मग एक छोटी आडवी रेघ आणि त्यापुढे आणखी एक आकडा. मामा म्हणायचा, “तो कंपनीचा हिशोब असतो, आपल्याला काय करायचंय!” त्याचं म्हणणं बरोबर होतं. फक्त तो हिशोब आपल्यालाही वाचता येतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पुढे मी छापखान्यात मुद्रितशोधक झाले. खिळ्यांची उलटी अक्षरं वाचायची सवय लागली, आणि तबकडी कशी बनते हे त्या सवयीमुळेच मला पटकन उमगलं. आधी लाखेसारख्या मऊ थराच्या चकतीवर यंत्राने खाच कोरतात. तिच्यावर चांदीचा मुलामा देऊन विजेच्या साहाय्याने धातू चढवला की उलटा साचा मिळतो. त्या साच्यापासून पुन्हा सुलटी धातूची चकती करतात, तिला ‘मदर’ म्हणतात. मदरपासून परत उलटे ठसे काढतात, आणि या ठशांत तापलेलं व्हिनाइल दाबून बाजारातली तबकडी निघते. एक ठसा काहीशे ते हजारभर प्रती काढून झिजतो, मग दुसरा लावतात. म्हणजे एकाच गाण्याच्या लाखभर तबकड्यांमागे कोरीव चकत्या एक-दोन, मदर काही, आणि ठसे पुष्कळ. पट्ट्यावरची अक्षरं ही या वंशावळीची नोंद आहे.

ब्रिटनमधल्या ईएमआयची नोंद मला सगळ्यांत सुबक वाटते. पट्टा घड्याळासारखा धरायचा आणि मुख्य क्रमांक सहाच्या जागी आणायचा. एक्सईएक्स असेल तर ती मोनो बाजू, वायईएक्स असेल तर स्टिरिओ. मधले आकडे त्या बाजूचे, आणि रेघेपुढचा आकडा म्हणजे ही कितवी कोरणी. मग नऊच्या जागी मदरचा क्रमांक आणि तीनच्या जागी ठशाचा. हा ठशाचा क्रमांक आकड्यांत नसून अक्षरांत असतो. ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधून दहा अक्षरं उचलून त्यांनी १ ते ९ आणि शून्य असे आकडे बसवले : जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. त्यामुळे जीए दिसलं की तेरावा ठसा. हे पहिल्यांदा उलगडलं तेव्हा मी घरातल्या सगळ्या तबकड्या तिरप्या करून पाहिल्या होत्या.

पण इथेच लोक घाईत असतात. रेघेपुढे १ दिसला की ‘पहिली आवृत्ती’ म्हणून नाचायचं, हे बरोबर नाही. पहिली कोरणी चांगली टिकली तर कंपनी तिच्यापासूनच वर्षानुवर्षं नवे ठसे काढत राहते. मग सत्तरच्या दशकातल्या रुपेरी लेबलाच्या तबकडीवरही तोच १ असतो. उलट ‘ॲबी रोड’च्या १९६९ मधल्या पहिल्या ब्रिटिश प्रतींवर एका बाजूला २ आणि दुसरीला १ असतो, कारण पहिल्या बाजूची पहिली कोरणी बाजारात आलीच नाही. म्हणून पट्टा आणि लेबल एकमेकांना साक्ष देतात का हे पाहायचं. ‘ॲबी रोड’च्या त्या सुरुवातीच्या प्रतींच्या लेबलावर शेवटच्या ‘हर मॅजेस्टी’ या चिमुकल्या गाण्याचं नाव नाही, आणि वेष्टनाच्या मागच्या बाजूला सफरचंदाचं चिन्ह गाण्यांच्या यादीच्या डाव्या कडेशी सरळ न जुळता किंचित बाहेर सरकलेलं आहे. पुढे दोन्ही दुरुस्त झालं. मुद्रितशोधकाला हे वाचून काय वाटतं ते सांगत नाही. जी चूक पहिल्या फेरीत सुटली, तिच्यासाठीच गिऱ्हाईक जास्त पैसे देतं.

लेबलाच्या कडेची ओळही वेळ सांगते. साठच्या दशकाच्या मध्यावर पार्लोफोनच्या काळ्या-पिवळ्या लेबलाच्या कडेला मालक म्हणून ग्रामोफोन कंपनीचं नाव येतं, आणि मधोमध एक वाक्य, की ब्रिटनमध्ये ही तबकडी ठरलेल्या किमतीनेच विकायची. हे वाक्य १९६९ च्या सुमारास जातं. लेबल सुटं बदलता येतं, कोरणी नाही. म्हणून वाद झालाच तर मी पट्ट्याचं ऐकते. गंमत म्हणजे दमदमच्या लेबलावर हिंदुस्थान असलं, तरी मामाच्या प्रतीत पट्ट्यावर लंडनचेच आकडे आहेत, कारण साचे तिकडून येत.

आणि आता ‘रिव्हॉल्व्हर’च. ५ ऑगस्ट १९६६ ला ती ब्रिटनमध्ये बाहेर आली. मोनो तबकडीचा क्रमांक पीएमसी ७००९, आणि दुसऱ्या बाजूची कोरणी एक्सईएक्स ६०६. तिच्या शेवटी ‘टुमारो नेव्हर नोज’ आहे, टेपच्या फितींची कडी करून त्या उलटसुलट फिरवून केलेलं, मागे तंबोरा घुमतो ते. त्याचं मिश्रण अनेकदा झालं. पहिल्या कोरणीत अकराव्या क्रमांकाचं मिश्रण गेलं, आणि त्यानंतर निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी आठव्या क्रमांकाचंच हवं असं ठरवलं. तोवर काही प्रती दाबून झाल्या होत्या. पुढच्या कोरण्यांत आठवं मिश्रण आलं. त्यामुळे रेघेपुढे १ असलेल्या मोनो प्रतीत त्या फितींचे आवाज वेगळ्या पातळीवर येतात आणि शेवटचा पियानो किंचित लांब ऐकू येतो. लेबल तेच, वेष्टन तेच, आतला फरक फक्त पट्टा सांगतो. निर्मात्याने नाकारलेली आवृत्ती स्वीकारलेलीपेक्षा कितीतरी महाग, हा या छंदाचा स्वभावच आहे.

अशी एक प्रत मला चोर बाजारात भेटली. विलायतेहून परतलेल्या कुणा जहाजावरच्या माणसाची असावी; वेष्टनाच्या पुढच्या बाजूला चकचकीत पापुद्रा, मागे वळवून चिकटवलेल्या तिन्ही बाजूंच्या पट्ट्या, म्हणजे ब्रिटिशच. विक्रेता मला बसायलाही न सांगता म्हणाला, “मॅडम, वन है, वन!” हल्ली त्यांनाही ठाऊक असतं. मोबाइलवर परदेशातल्या कुठल्याशा प्रतीची किंमत दाखवून तो तीच मागत होता. मी दुसरी बाजू दिव्याखाली तिरपी केली. एक्सईएक्स ६०६, रेघ, १. खरंच होतं. लेबलही वरच्या साक्षीला जुळत होतं.

मग छिद्राभोवती पाहिलं. बारीक करड्या रेघांचं जाळं : तबकडी अनेकदा चाचपडत खुंटीवर बसवली गेली होती, म्हणजे पुष्कळ वाजली होती. बाहेरच्या खाचा काळ्याभोर, पण आत येता येता रंग करडा होत गेलेला. मी त्याला शेवटचं गाणं लावायला सांगितलं. तो पहिलं लावू पाहत होता, मी हट्ट धरला.

हट्टाला कारण होतं. तबकडी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या मारते, बाहेरही आणि आतही. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आणि लेबलाजवळ जेमतेम वीस-पंचवीस. तेवढ्याच लांबीच्या सुरांना निम्म्याहून कमी जागा मिळते, वळणं दाटतात, जड हाताची सुई तिथेच भिंती खाते. आणि ज्या गाण्यासाठी सगळी किंमत, ते नेमकं त्या आतल्या जागी आहे. पोर्टेबल प्लेअरवर ढोल सुरू झाला तसं कढईतल्या तळणीसारखं चरचरू लागलं. तो म्हणाला, “पुराना है, होता है.” होतंच. पण जगभर विकणारे ज्या कोष्टकाने चालतात त्यात ‘व्हेरी गुड’ म्हणजे चांगली नव्हे, तर जेमतेम. जवळजवळ नव्या प्रतीच्या साधारण चतुर्थांश भाव. मी तो चतुर्थांश बोलले, त्याने दोन-तीनदा तबकडी परत घेतली आणि शेवटी कागदात गुंडाळून दिली.

घरी दोन्ही लागोपाठ लावल्या. मामाच्या प्रतीत दुसरी बाजू फारशी वाजलेली नव्हती, त्यामुळे तीच स्वच्छ. तिच्यावर रेघेपुढे ३ आहे. चरचरीतून कान देऊन ऐकलं की विलायतीत शेवटचा पियानो थोडा उशिरा विरतो, एवढं कळलं. पण गाणं म्हणून ऐकायला मामाचीच. माझं प्रामाणिक मत असं की नाकारलेल्या मिश्रणाचा भाव त्याच्या दुर्मिळतेला आहे, सुरांना नाही, आणि मार्टिन यांचा कान बरोबर होता.

बीटल्सच्याच गाण्यांच्या भारतात निघालेल्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना मात्र याहून वेगळी किंमत आहे. जगात ही पद्धत बहुतेक ठिकाणी संपली होती, पण चावीच्या ग्रामोफोनसाठी इथे ती चालू राहिली, म्हणून तरुणांचं ते संगीत आजीच्या काळातल्या तबकडीवर निघालं. त्यांच्या नकलाही फिरतात. लाखेची तबकडी हातात जड लागते आणि टेकवताना तडकायची धास्ती असते. वाकवून पाहावीशी वाटली तर समजा ती लाखेची नाही.

विलायती प्रत मी नंतर विकली. वर्णनात लिहिलं : दुसऱ्या बाजूची पहिली कोरणी, शेवटचं गाणं झिजलेलं, सतत चरचर, छिद्राभोवती रेघा, वेष्टनाचा खालचा कोपरा दुमडलेला. पुण्याच्या गिऱ्हाइकाने पट्ट्याचे सहा, नऊ आणि तीन अशा तिन्ही जागांचे फोटो मागवले. आवाजाची फीत मी स्वतःहून देऊ केली, ती त्यांनी नको म्हटली, आणि सांगितलेली किंमत दुसऱ्या दिवशी पाठवली.