सात मायक्रॉन

मे महिन्यात शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या सकाळच्या एसटीतसुद्धा घाम फुटतो. आयटीआयला टर्नरचा कोर्स करून मी मुरबाड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलो, तो असाच मे होता. लेथ एक काका चालवायचे. माझं काम सोपं होतं. लेथवरून उतरलेली पिन उचलायची, मायक्रोमीटरमध्ये धरायची, आकडा वहीत लिहायचा आणि पुढे ‘ओके’ लिहायचं.

ड्रॉइंगवर लिहिलेलं असायचं: व्यास २५ ± ०.०२ मिमी. म्हणजे पिन २४.९८ पासून २५.०२ पर्यंत कुठेही चालेल. नववीत शिकलेलं केवलमूल्य मला इथे पहिल्यांदा कामाला आलं. दोन उभ्या रेघा म्हणजे अंतर. पिनचं खरं माप ‘ख’ धरलं, तर अख्खं ड्रॉइंग एका ओळीत बसतं:

|ख − २५| ≤ ०.०२

पिन २५ पासून दोन्ही बाजूंना किती लांब आहे एवढंच बघायचं. जाड की बारीक, हे रेघा विचारत नाहीत. मला ही ओळ इतकी आवडली, की मी ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती.

एकदा दोनशे पिनांचा लॉट गेला आणि चार दिवसांनी कस्टमरकडून यादी आली. एकतीस पिना रिजेक्ट. सगळ्या बारीक. पिन जाड झाली तर परत लेथवर चढवून थोडी कातता येते. बारीक झालेली पिन भंगारात जाते. कातलेलं लोखंड परत चिकटत नाही.

सुपरवायझर काकांना म्हणाले, “काका, टूल खाली लावलंत तुम्ही. या एकतीस नगांचे पैसे तुमच्या पगारातून जातील.”

टूल काकांनी खालीच लावलं होतं, आणि मुद्दाम. कातताना इन्सर्टची धार झिजत जाते. धार झिजली की ती कमी माल काढते आणि पिना हळूहळू जाड होत जातात. म्हणून अनुभवी माणूस लॉटची सुरुवात खालच्या मर्यादेच्या जवळ करतो, म्हणजे शेवटच्या पिनाही वरच्या मर्यादेच्या आत राहतात. काकांनी हे काहीच सांगितलं नाही. “बरं साहेब,” म्हणाले आणि मशिनकडे गेले.

माझ्या वहीत मात्र त्या एकतीस पिनांपुढे ओके होतं. मग चुकलं कोण, मी की कस्टमरचा मायक्रोमीटर? जेवणाच्या सुट्टीत मी त्यांची यादी आणि माझी वही शेजारी ठेवली. पिनांवर नंबर होते, त्यामुळे जोड्या लावता आल्या. माझं माप २४.९८४, त्यांचं २४.९७७. माझं २४.९८६, त्यांचं २४.९७९. खाली खाली बघत गेलो. प्रत्येक जोडीत फरक सहा, सात किंवा आठ मायक्रॉनचा, आणि प्रत्येक वेळी माझंच माप मोठं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. सात मायक्रॉन म्हणजे केसाचा दहावा भाग.

मोजताना चूक होतेच, हे मला शिकवलेलं होतं. कुणी मायक्रोमीटर जास्त आवळतं, कधी जबड्यात धूळ असते, शिवाय उपकरणाची स्वतःचीही थोडी चूक असते. वाचलेलं माप ‘व’ म्हटलं आणि या सगळ्या चुका मिळून जास्तीत जास्त पाच मायक्रॉन धरल्या, तर दुसरी ओळ तयार होते:

|व − ख| ≤ ०.००५

मी इतके दिवस ‘व’ला ‘ख’ समजून ओके लिहीत होतो. खरं तर दोन्ही ओळी एकत्र वाचायला हव्यात. शहापूरहून किन्हवलीपर्यंतचं अंतर आणि किन्हवलीहून मुरबाडपर्यंतचं अंतर यांची बेरीज शहापूर–मुरबाड सरळ अंतरापेक्षा कमी असूच शकत नाही. मापांचंही तसंच:

|ख − २५| ≤ |ख − व| + |व − २५|

उजवीकडचा पहिला तुकडा पाच मायक्रॉनपर्यंत जाऊ शकतो. डावी बाजू वीसच्या आत ठेवायची खात्री हवी असेल, तर दुसऱ्या तुकड्याला पंधराच उरतात. म्हणून निर्धास्तपणे ओके लिहायचं ते २४.९८५ ते २५.०१५ यांच्यामध्येच. त्याबाहेरची पिन वाईटच असेल असं नाही, पण तिच्याबद्दल शपथ घेता येत नाही.

हे गणित जमलं म्हणून मी खूश झालो, आणि लगेच अडलो. २४.९८६ वाचलेली ती पिन या नव्या नियमातही बसत होती. तरी ती रिजेक्ट झाली होती.

तेव्हा मला तो एकाच बाजूला जाणारा फरक खटकला. धूळ किंवा हाताचा दाब कधी माप वाढवतात, कधी कमी करतात. चूक अशी इकडेतिकडे असती, तर काही पिना त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जाडही भरल्या असत्या. एकही भरली नव्हती. चुकीला दिशा होती, म्हणजे तिला कारण होतं.

त्या दिवसांत कूलंटचा पंप नीट चालत नव्हता. पिन लेथवरून उतरायची तेव्हा हाताला चटका बसायचा, साठेक अंश तरी असेल. मायक्रोमीटर होता पस्तीस अंशांवर. पोलाद एका अंशाला दर मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. पंचवीस मिलिमीटरची पिन, पंचवीस अंशांचा फरक: ०.०२५ × २५ × ११.५, म्हणजे सात मायक्रॉन.

लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरायची, असं १९३१ पासून जगभर ठरलेलं आहे. मुरबाडच्या मे महिन्यात २० अंश कुठून आणायचे? पण तेवढी गरज नसते. मायक्रोमीटरही पोलादाचाच. पिन आणि तो सारखेच तापलेले असले, तर हिशोब जवळपास मिटतो. एक गरम आणि एक गार असला, की घोटाळा होतो.

खात्रीसाठी मी एक गरम पिन मोजली, २५.००३. सरफेस प्लेटवर मायक्रोमीटरशेजारी तासभर ठेवली आणि परत मोजली. २४.९९६.

तेव्हा पहिल्या पानावरच्या ओळीतली खोच कळली. केवलमूल्य चिन्ह पुसतं. ज्या चुकीचं चिन्ह आपल्याला माहीत नाही, तिच्यासाठी ते बरोबर आहे. पण उष्णता पिन फुगवतेच, आकसवत नाही. चिन्ह माहीत असलेली चूक आधी वजा करायची किंवा पिन गार होऊ द्यायची. उरलेली, दिशा नसलेली चूक मग रेघांमध्ये घालायची.

वही घेऊन मी सुपरवायझरांकडे गेलो. त्यांनी जोड्या बघितल्या, प्लेटवरच्या पिनचे दोन्ही आकडे बघितले. “म्हणजे मोजायला तू चुकलास,” ते म्हणाले. मी हो म्हणालो. काकांचे पैसे वाचले, माझे तीन हप्त्यांत कापले गेले.

संध्याकाळी स्टँडवर काकांनी चहा सांगितला. म्हणाले, “मला वाटलं होतं, पिन गरम असतानाच मोजतोयस. बोललो नाही. वाटलं, शिकलेल्या पोराला माहीत असेल.”

दुसऱ्या दिवशी मी वहीत ओकेच्या आधी एक नवा रकाना आखला: ‘उतरली किती वाजता’.